मदत हवी आहे: नंदीध्वज की नंदिध्वज? स्मरणिकेतल्या तत्सम शब्दांचे ऱ्हस्व-दीर्घ

सुगंधा_सोलापूर

नमस्कार मंडळी. आमच्या मंडळाची गड्डा यात्रेवरची स्मरणिका छापायला जायची आहे आणि मुद्रितं तपासायचं काम माझ्याकडे आलंय. लेख वेगवेगळ्या लोकांचे, प्रत्येकाचं लेखन वेगळं. मंडळातले दोन ज्येष्ठ दोन टोकं धरून बसलेत. एक म्हणतात, जोडशब्दात आधीचं पद नेहमी ऱ्हस्व करायचं. दुसरे म्हणतात, शब्द संस्कृत असेल तर तो संस्कृतसारखाच ठेवायचा, हात लावायचा नाही.

एका लेखातला हा उतारा जसाच्या तसा देते:

"योगीराज सिद्धरामेश्वरांच्या नंदीध्वजांची मिरवणुक निघते तेव्हा भाविक भक्तीभावाने फूलांच्या माळा अर्पण करतात. मंदीरात मूर्तीपुढे दिपांची आरास असते. संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो आणि शेवटी होम मैदानावर शोभेचे दारुकाम."

यातलं काय बदलायचं आणि का? नुसती यादी नको. कारण कळलं तर उरलेली पानं मला तपासता येतील. संस्कृत मी शाळेतही घेतलं नव्हतं.

विजापूर_वेस

ताई, सोपं आहे. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द संस्कृतप्रमाणेच लिहायचे. म्हणून भक्ति, शक्ति, मुनि, गुरु, संमति असं करा. दीर्घ लिहिणं ही अलीकडची ढिलाई आहे. माझ्या आजोबांच्या पोथ्यांत सगळीकडे "भक्ति" असंच आहे.

खिळे_जुळारी

विजापूर_वेस, तुमचं अर्धं बरोबर आहे. पोथ्यांत तसंच असणार, कारण जुना रिवाज तोच होता. पण मराठी साहित्य महामंडळाचे जे नियम 1962 साली शासनाने स्वीकारले, त्यांनी शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ केला. तत्सम शब्दांचासुद्धा. भक्ती, मुनी, गुरू, संमती. आता शाळेची पुस्तकं, शासनाचे कागद, वर्तमानपत्रं यांत हेच चालतं. ऱ्हस्व राहिले ते परंतु, तथापि, यद्यपि, अति असले अव्यय शब्द, आणि आपला "आणि".

संस्कृतशी नातं तुटलं मात्र नाही. ते शब्दाच्या शेवटी लपतं आणि समासात परत दिसतं. "भक्ती" एकटा असेल तेव्हा दीर्घ. त्याच्यापुढे दुसरा शब्द जोडून आला की मूळचा ऱ्हस्व परत येतो: भक्तिभाव, भक्तिगीत. तसंच गुरू पण गुरुवार, रवी पण रविवार, वसती पण वसतिगृह. मुळातच दीर्घ असेल तर समासातही दीर्घच: नदीकाठ, लक्ष्मीपूजन, वधूवर.

सुगंधाताई, तुमचे दोन्ही ज्येष्ठ म्हणूनच अर्धे-अर्धे बरोबर. पहिल्यांनी ऱ्हस्वाचा नियम धरला, पण तो फक्त मुळात ऱ्हस्व असलेल्या तत्सम शब्दांना आहे हे सोडलं. दुसऱ्यांनी मूळ धरलं, पण एकट्या शब्दाचा शेवट मराठीने बदलला हे सोडलं.

आता "योगीराज". "योगी" दिसतो दीर्घ, पण संस्कृतात मूळ शब्द योगिन्. शेवटचा न् गळला म्हणून इकार दीर्घ झाला. समासात तो ऱ्हस्व होतो: योगिराज. मंत्रिमंडळ, विद्यार्थिमित्र, पक्षिमित्र हे सगळे याच घराण्यातले. "नंदी" हाही नन्दिन्, म्हणून नियमाने नंदिध्वज.

सुगंधा_सोलापूर

काका, फार मोकळं वाटलं वाचून. पण मुळात ऱ्हस्व की दीर्घ हे ओळखायचं कसं? प्रत्येक शब्दाला कोश उघडला तर स्मरणिका पुढच्या यात्रेला निघेल. आणि दारुकाम बरोबर की चूक?

खिळे_जुळारी

कोश लागतोच, पण थोड्या शब्दांना. बहुतेकांना कान आणि सवय पुरते. क्रियेचं किंवा भावाचं नाव "ती"ने संपत असेल, म्हणजे गती, मती, कृती, स्मृती, शक्ती, संमती, समिती, तर मूळ ऱ्हस्व धरा. स्त्रीवाचक "ई" लागून झालेला शब्द असेल, म्हणजे देवी, कुमारी, पत्नी, भगिनी, विद्यार्थिनी, तर मूळ दीर्घ. म्हणून विद्यार्थिगृह आणि विद्यार्थिनीगृह अशी वेगळी रूपं दिसतात. "तो करणारा" अशा अर्थाचे योगी, मंत्री, पक्षी, स्वामी हे न् गळालेले, समासात ऱ्हस्व. कवी, ऋषी, मुनी, रवी हे मुळातच ऱ्हस्व. या पलीकडचा शब्द आला की कोश काढा.

दारूकाम दीर्घच ठेवा. "दारू" फारसीतून आलेला शब्द, तत्सम नव्हे. समासाचा ऱ्हस्व त्याला लागत नाही. दारूबंदी, दारूगोळा तसेच. गंमत म्हणजे संस्कृतात "दारु" असा वेगळा शब्द आहे, अर्थ लाकूड. तो दारुहळदीत आहे, म्हणून तिथे ऱ्हस्व. अक्षरं तीच, मूळ वेगळं, लेखन वेगळं.

रवी_साखर_पेठ

मध्येच विचारतो, माफ करा. आमच्या घरात तेलुगू बोलतात, शाळा मराठी. आधार कार्डावर माझं नाव "रवि" आहे आणि बहिणीच्या लग्नपत्रिकेत छापखानावाल्याने "रवी" केलंय. वर "वधु-वर" असंही छापलंय. यातलं काय दुरुस्त करायला लावू? तेलुगूत आम्ही रवि ऱ्हस्वच लिहितो.

खिळे_जुळारी

रवीदादा, पत्रिकेत "रवी" नियमाप्रमाणेच आहे. व्यक्तिनामांचा शेवटही दीर्घच लिहितात. पण ओळखपत्रावर जे अक्षर आहे ते सरकारी कामात तसंच ठेवा, तिथे शुद्धलेखन आणू नका. "वधु" मात्र बदलायला लावा. संस्कृतातच वधू दीर्घ आहे, त्यामुळे एकटा असो की समासात, दीर्घच: वधूवर.

अक्कलकोट_रोड

ताई, एक जलद युक्ती. वर्डमध्ये शोधा-बदला वापरा. "भक्ती" शोधून "भक्ति" घाला, "मूर्ती" चं "मूर्ति", एका झटक्यात शंभर पानं होतील.

खिळे_जुळारी

असं अजिबात करू नका. "भक्तीने", "भक्तीला", "भक्तीच्या" यांचं "भक्तिने", "भक्तिला" होईल आणि ते चूक आहे. प्रत्यय लागतो तेव्हा समास होत नाही, दीर्घ तसाच राहतो. मुळे, साठी, पुढे, प्रमाणे हे शब्दही प्रत्ययासारखेच चिकटतात: भक्तीमुळे, विधीप्रमाणे. पण भक्तिपूर्वक, विधिवत, शक्तिमान, बुद्धिमान, व्यक्तिमत्त्व हे संस्कृतातून तयार आलेले साधित शब्द, तिथे ऱ्हस्व. म्हणून "भक्ती" शोधा, पण बदला दाबू नका. एकेक जागा थांबून पुढे काय चिकटलंय ते पाहा. मोकळी जागा किंवा मराठी प्रत्यय असेल तर दीर्घ, दुसरा शब्द किंवा पूर्वक, मान असं संस्कृत शेपूट असेल तर ऱ्हस्व.

दुसरा भाग राहिला, शेवटाआधीच्या अक्षराचा. मराठी शब्द अकारान्त असेल तर त्याआधीचा इकार-उकार दीर्घ असतो: फूल, दूध, गरीब, मिरवणूक. प्रत्यय लागला की ऱ्हस्व होतो: फुलांच्या, दुधाने, गरिबांना, मिरवणुकीत. हे तत्सम नव्हेत. फूल, दूध हे संस्कृतावरून झिजत आले, ते मराठीच्या चालीने चालतात. तत्सम शब्द मात्र दोन्हीकडे हलत नाही. मंदिर, भाविक ऱ्हस्व, म्हणून मंदिर लिहिताना दीर्घ करायचं नाही. दीप, गीत, शरीर, पूजा दीर्घ, म्हणून दीपांची, गीतात, शरीराला, पूजेला. तुमच्या उताऱ्यात "मंदीरात" आणि "दिपांची" या दोन उलट चुका आहेत. पहिलीत तत्समाला मराठीचा दीर्घ दिला, दुसरीत मराठीचा ऱ्हस्व.

बाळी_वेस

काका, नियम मान्य. पण आमच्याकडं सगळे "नंदीध्वज" असंच लिहायलेत की ओ. बोर्डावर, बातमीत, निमंत्रणात. सात नंदीध्वजांचं नाव नियमासाठी कशाला बदलायचं? ते आता विशेषनामच झालंय.

होटगी_तळे

कन्नडमध्ये ते ನಂದಿಧ್ವಜ असंच आहे, "नंदि" ऱ्हस्व. आणि सिद्धरामेश्वरांची वचनं कन्नडमधली. त्यामुळे ऱ्हस्व हे फक्त पुस्तकी आहे असं नाही. माझं मत नंदिध्वजच.

खिळे_जुळारी

बाळी_वेस, निमंत्रणाचा फोटो किंवा मजकूर जसाच्या तसा छापायचा असेल तर मूळ अक्षर ठेवावं, हे मलाही पटतं. लेखात मात्र माझा हात नंदिध्वजकडे जातो, कारण पुढच्याच ओळीत योगिराज लिहायचं आणि इथे नंदीध्वज, हे वाचणाऱ्याला खटकतं. पण हा निर्णय संपादकांचा. एक ठरवा आणि मुखपृष्ठापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत तेच ठेवा.

"संमती कट्टा" वेगळे दोन शब्द लिहिले तर दीर्घ बरोबर. जोडून लिहायचं तर "संमतिकट्टा", पुढे मराठी कट्टा असला तरी पूर्वपद तत्सम आहे. मी तोडून लिहीन, कारण जोडलेला कुठे वाचला नाही.

विजापूर_वेस

1962 चे नियम मी मुळातून वाचले नव्हते. तरी पोथी छापायची झाली तर मी जुनंच ठेवणार.

खिळे_जुळारी

पोथी छापताना ठेवाच. जुन्या मजकुराचं लेखन बदलू नये.

सुगंधा_सोलापूर

सगळ्यांचे आभार. उतारा असा केलाय, एकदा नजर टाका:

"योगिराज सिद्धरामेश्वरांच्या नंदिध्वजांची मिरवणूक निघते तेव्हा भाविक भक्तिभावाने फुलांच्या माळा अर्पण करतात. मंदिरात मूर्तिपुढे दीपांची आरास असते. संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो आणि शेवटी होम मैदानावर शोभेचे दारूकाम."

नंदिध्वजचं रविवारच्या बैठकीत मांडते. दोघांपैकी एक ज्येष्ठ नक्की विरोध करतील, पण "योगिराज" दाखवून विचारीन.

खिळे_जुळारी

बाकी सगळं बरोबर, एक शब्द उगाच बदललात. मूळ उताऱ्यातलं "मूर्तीपुढे" च योग्य होतं. "पुढे" प्रत्ययासारखा चिकटतो. मूर्तिपूजा, मूर्तिकार ऱ्हस्व, पण मूर्तीपुढे, मूर्तीला, मूर्तीच्या दीर्घ.