मदत हवी आहे: फेसबुक पोस्ट एडिट केली, तरी जुना मजकूर लोकांना दिसतो का?

चाफा_मुलुंड
आमच्या सासऱ्यांनी काल सकाळी इथल्या रहिवाशांच्या फेसबुक ग्रुपवर पोस्ट टाकली. आजेसासूबाईंना सांभाळायला दिवसभराची बाई हवी आहे. बाबांनी भाबडेपणाने बिल्डिंगचं नाव, फ्लॅट नंबर, स्वतःचा मोबाईल सगळं लिहिलं आणि वर "दुपारी आई घरी एकटीच असते" हेही. मी ऑफिसला जाताना ट्रेनमध्ये वाचलं आणि पोटात गोळा आला. लगेच बाबांना फोन करून पोस्ट एडिट करायला लावली. आता त्यात फक्त "मुलुंड पूर्व, इनबॉक्स करा" एवढंच आहे.

पण संध्याकाळी एका अनोळखी माणसाने खाली लिहिलं, "काका, आजी दुपारी एकट्या असतात असं लिहू नये." हे वाक्य तोवर पोस्टमध्ये नव्हतंच! मग त्याला कुठून दिसलं? पोस्ट डिलीट करायला बाबा तयार नाहीत, कारण खाली चाळीसेक कमेंट आहेत आणि त्यात तीन-चार चांगल्या बायकांची माहिती आली आहे.

वडापाव_प्रेमी
काळजी नको ताई. एडिट केलं की जुना मजकूर पुसला जातो, फक्त बदल केल्याची खूण राहते. व्हॉट्सअ‍ॅपवर पण तसंच असतं. त्या माणसाने सकाळीच वाचलं असेल आणि लिहायला संध्याकाळी वेळ मिळाला असेल.

फास्ट_लोकल
व्हॉट्सअ‍ॅपपुरतं बरोबर आहे, फेसबुकला ते लागू नाही. फेसबुक प्रत्येक एडिटच्या आधीचा मजकूर जपून ठेवतं आणि ज्याला पोस्ट दिसते त्याला तो उघडून वाचता येतो. पोस्टच्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर दाबा, मेनूत `View edit history` दिसेल. कमेंटचंही तसंच. एडिट केलेल्या कमेंटखाली `Edited` लिहिलेलं असतं, त्यावर दाबलं की जुनी कमेंट समोर.

असं का, तर लाईक आणि कमेंट आधीच्या मजकुरावर आलेल्या असतात. "पाणी दोन दिवस येणार नाही" यावर शंभर जणांनी अंगठा दिला आणि नंतर कोणी तिथे भलतंच लिहिलं, तर ते शंभर अंगठे भलत्यालाच चिकटतील. नुसती खूण काही बदललंय एवढंच सांगते. स्वल्पविराम बदलला की अख्खा परिच्छेद, हे इतिहास उघडल्याशिवाय कळत नाही.

चाफाताई, बाबांच्या फोनवरून बघू नका. ग्रुपमध्ये असलेल्या घरातल्या दुसऱ्या कोणाच्या खात्यातून बघा, म्हणजे परक्याला काय दिसतं ते कळेल.

नाना_गिरगाव
माझाही हाच प्रश्न आहे. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर खजिनदाराने रंगकामाचा हप्ता ४,५०० लिहिला होता. मी सकाळी वाचला. रात्री बघतो तर ५,४०० आणि कडेला Edited. जुना आकडा कसा काढायचा? मीटिंगमध्ये तोंडावर मारायचा आहे.

फास्ट_लोकल
नाना, तुमचं व्हॉट्सअ‍ॅपचं दिसतंय. तिथे इतिहास बघायची सोयच नाही, जुना आकडा अ‍ॅपमध्ये कोणालाच दिसत नाही. आणि मेसेज पाठवल्यापासून १५ मिनिटांतच बदलता येतो, म्हणजे त्याने रात्री बदललेला नाही. तुम्ही बहुतेक सकाळी वरच्या नोटिफिकेशनमध्ये वाचलंत आणि चॅट रात्री उघडलंत. बदलाची वेगळी टिंगटिंग येत नाही, म्हणून कळलं नसेल.

अँड्रॉइड फोन असेल तर सेटिंगमध्ये `Notification history` शोधा. ते आधीपासून चालू असेल तरच उपयोग, आणि तेही साधारण २४ तासांपुरतंच. नाहीतर त्या १५ मिनिटांत कोणी मेसेज फॉरवर्ड केला असेल तर बघा. फॉरवर्ड झालेली प्रत मूळ मेसेज बदलल्यावर बदलत नाही.

नाना_गिरगाव
माझा आयफोन आहे, मुलाने दिलाय. आणि मी चॅट उघडूनच वाचलं होतं, चांगलं आठवतंय.

चाफा_मुलुंड
सासूबाईंच्या खात्यातून बघितलं. सगळं आहे! सकाळचा पूर्ण मजकूर, फ्लॅट नंबर, मोबाईल आणि ते वाक्य, वर वेळही लिहिलेली. बाबांनी माझ्या सांगण्यानंतर आणखी दोनदा शुद्धलेखन सुधारलं, त्याच्याही प्रती आहेत. म्हणजे सतरा वेळा एडिट केलं तरी पहिला मजकूर मागे ढकलला जात नाही. आता इतिहासातली तेवढी एकच प्रत उडवता येते का?

फास्ट_लोकल
नाही. इतिहासातली एकच नोंद काढायची सोय नाही. पोस्ट डिलीट केली की तिच्यासोबतच इतिहास जातो, आणि कमेंटही जातात. तुमच्या बाबतीत हे बरंच आहे, कारण एखाद्या कमेंटमध्ये कोणीतरी बाबांचा नंबर उतरवलेला असू शकतो.

रश्मी_ठाणे
आमच्या ग्रुपची मी अ‍ॅडमिन आहे. असे प्रसंग महिन्याला येतात, म्हणून क्रम सांगते. आधी कामाच्या कमेंटचे स्क्रीनशॉट काढा, नावं दिसतील असे. बायकांचे नंबर वहीत उतरवून घ्या. मग पोस्ट डिलीट करा आणि नवी पोस्ट टाका. तिच्यात स्टेशनच्या कुठल्या बाजूला राहता, किती तासांचं काम आणि "इनबॉक्स करा" एवढंच. ज्यांनी माहिती दिली होती त्यांना टॅग केलंत तर राग येणार नाही. कमेंट बंद करून भागत नाही. त्याने नवीन कमेंट थांबतात, जुना मजकूर झाकला जात नाही.

आणि ग्रुप पब्लिक आहे की प्रायव्हेट, तेही बघा. प्रायव्हेट असेल तर पोस्ट सदस्यांनाच दिसली असेल. पब्लिक असेल तर कोणीही वाचू शकतं.

वडापाव_प्रेमी
हे मला नवीनच. मग इन्स्टाग्रामला पण असतं का?

फास्ट_लोकल
इन्स्टाग्रामवर कॅप्शन बदललं तर आधीचं दुसऱ्याला बघता येत नाही. एकाच कंपनीची दोन अ‍ॅप, तरी नियम वेगळे. म्हणून एकाचा अनुभव दुसरीकडे लावू नका.

चाफा_मुलुंड
पब्लिक निघाला. स्क्रीनशॉट काढले, बाबांना फोनवर बरंच समजवावं लागलं, "चाळीस लोकांनी लिहिलंय आणि तू पुसायला सांगतेस" म्हणून. शेवटी सासूबाईंनी इतिहासातलं ते वाक्य त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा डिलीट केलं. सासूबाईंच्या खात्यातून तपासलं, पोस्ट दिसत नाही. दोन जणांनी शेअर केली होती, तिथेही आता "content isn't available" येतंय.

पण एका बाईंनी पहिला मजकूर कॉपी करून त्यांच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला होता. तो कसा काढायचा?

रश्मी_ठाणे
तो आता त्यांचा स्वतःचा मेसेज झाला, बाबांच्या पोस्टशी त्याचा संबंध उरलेला नाही. फॉरवर्ड करून साधारण दोन दिवस झाले नसतील तर त्या 'डिलीट फॉर एव्हरीवन' करू शकतात. किंवा त्यांच्या ग्रुपच्या अ‍ॅडमिनला सांगा, अ‍ॅडमिनलाही दुसऱ्याचा मेसेज काढता येतो. आजच फोन करा, उद्यावर ठेवू नका.

नाना_गिरगाव
माझ्या ५,४०० चं काय? खजिनदार म्हणतो त्याने काही बदललंच नाही.

फास्ट_लोकल
कडेला Edited आहे म्हणजे बदललंय, एवढं तरी त्याला नाकारता येणार नाही. काय बदललं ते मात्र त्या खुणेवरून सिद्ध होत नाही. कदाचित खरंच फक्त तारीख दुरुस्त केली असेल. मीटिंगमध्ये रंगकामाचं कोटेशन मागा, नाना.