मदत हवी आहे: फ्लशची टाकी लो-लेव्हल, हाय-लेव्हल की भिंतीतली? पाण्याचं बिल नेमकं कशाने कमी होईल?

हनुमाननगरकर

नमस्कार मंडळी. घर नागपुरात, आजोबांच्या काळातलं, खाली-वर दोन मजले. माणसं पाच: आई-बाबा, आम्ही दोघं आणि एक पोट्टा. खाली इंडियन सीट आहे, तिच्यावर उंच भिंतीला साखळीवाली लोखंडी टाकी. वर कमोड, त्याच्या मागे प्लॅस्टिकची लो-लेव्हल टाकी. दोन्हींवर १० लिटर लिहिलेलं आहे.

वरचं बाथरूम दिवाळीआधी नवं करायचं आहे. प्लंबर म्हणतो कन्सील्ड टाकी घ्या, ६ आणि ३ लिटरची दोन बटणं येतात, बिल अर्ध्यावर येईल. बिलाचं दुखणं खरंच आहे. मागच्या वर्षी याच दिवसांत महिन्याला २० युनिटं यायची, आता २७ येतात. माणसं तेवढीच, मीटर तेच.

प्रश्न दोन. तिन्ही प्रकारांत खरं पाणी किती जातं? आणि टाकी बदलून माझं बिल किती उतरेल?

संत्रानगरी

७ युनिटं वाढली ना? कूलर बघा भाऊ. आमच्याकडे दोन कूलर दिवसाला चार-चार बादल्या पितात.

हनुमाननगरकर

कूलर जूनच्या पहिल्या पावसालाच माळ्यावर गेले. ही रीडिंग ऑगस्टची आहे.

वर्धारोड_४४

साधी गोष्ट आहे. लो-लेव्हल म्हणजे कमी पाणी, हाय-लेव्हल म्हणजे जास्त. म्हणून तर तशी नावं आहेत. खालची साखळीवाली काढून लो-लेव्हल लावा. आणि वरच्या टाकीत पाणी भरलेल्या एक-एक लिटरच्या दोन बाटल्या ठेवून द्या, दर फ्लशला दोन लिटर तिथेच वाचतात.

टाकीटाका

टाकी १००० लिटरचीच घ्या. ५०० ची पाच माणसांना पुरत नाही, आम्ही पस्तावलो.

हनुमाननगरकर

गच्चीवरची नाही हो, फ्लशची टाकी विचारतोय :)

जुना_साइटवाला

तीस वर्षं प्लंबिंगची कामं करून घेतली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी नावांचा घोळ. हाय आणि लो ही टाकीची उंची आहे, लिटर नव्हे. साखळीवाली टाकी सीटपासून निदान सव्वा मीटर वर असते. पाणी उंचावरून येतं, त्याला जोर मिळतो, म्हणून बारीक पाइपातूनही भांडं साफ होतं. लो-लेव्हल कमोडच्या जवळ, त्यामुळे जोर कमी आणि पाइप जाड. लिटर दोन्हींत सारखेच असू शकतात, तुमच्याकडे तसेच आहेत. कन्सील्डसुद्धा लो-लेव्हलच, फक्त भिंतीत लपलेली.

आता तुमच्या प्रश्नातली खरी मेख. टाक्या मागच्या वर्षीही १० लिटरच्याच होत्या. माणसं तीच, टाकी तीच, तर वाढलेली ७ युनिटं फ्लशच्या आकारामुळे कशी येतील? आकार हा जुना खर्च आहे, वाढ नवीन आहे. ती गळती असणार, आणि माझा संशय वरच्या कमोडवर.

साखळीच्या टाकीत आत घंटेसारखा लोखंडी सायफन असतो. खाली उघडझाप करणारं रबर नसतं, त्यामुळे ती भांड्यात चोरून गळत नाही. बॉलकॉक बिघडला तर पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून बाहेर टपकतं आणि घरभर बोंब होते. लो-लेव्हल आणि कन्सील्डमध्ये तळाला रबरी वॉशर असतो. तो कडक झाला किंवा त्याखाली क्षाराचा खडा अडकला की पाणी भांड्यात मुकाट उतरत राहतं. ओव्हरफ्लोही आतच पडतो, म्हणून आवाज नाही, ओल नाही.

रस्त्यावरच्या मीटरवरून हे कळणार नाही. आपल्याकडे मीटरचं पाणी आधी जमिनीतल्या टाक्यात जातं, मग पंपाने गच्चीवर. तेव्हा तपासणी फ्लशच्या टाकीतच करा. टाकी भरू द्या, अँगल कॉक बंद करा, आतल्या बाजूला पेन्सिलीने पाण्याची रेघ मारा. एक तास कोणी फ्लश करायचा नाही. तासाने पाणी किती सेंटिमीटर उतरलं ते मोजा, टाकीची आतली लांबी-रुंदीही मोजा. मग अँगल कॉक बंद ठेवूनच एक फ्लश करा आणि मापाच्या मगाने टाकी परत रेघेपर्यंत भरा. किती मग लागले तो तुमचा खरा फ्लश. टाकीवर छापलेला आकडा विसरा.

पांढराबोअर

आमच्याकडे फ्लशला बोअरचं पाणी आहे, वेगळ्या टाकीतून. बिलात त्याचं एक युनिटही येत नाही, फक्त मोटरची वीज. पण बोअरच्या क्षाराने कन्सील्डचा वॉशर दीड वर्षात गेला.

वर्धारोड_४४

उंचीचं मान्य, नाव चुकलं माझं. पण बाटल्यांचं तरी बरोबर आहे ना?

जुना_साइटवाला

अर्धं बरोबर. दोन लिटर वाचतात, पण जुन्या कमोडचं भांडं १० लिटरच्या हिशेबाने घडवलेलं असतं. ८ लिटरमध्ये एकदा साफ झालं नाही की माणूस दुसऱ्यांदा दाबतो आणि १६ जातात. एक बाटली टाकून आठवडाभर बघा, दोनदा दाबावं लागलं तर काढा. वीट मात्र कधीच ठेवू नका, ती झिजते आणि तिची रेती वॉशरखाली जाते.

हनुमाननगरकर

केलं बाप्पा! काल रात्री घरात संचारबंदी लावून मोजलं.

वरची टाकी आतून साधारण ४० बाय १५ सेंटिमीटर. तासाभरात पाणी ८ सेंटिमीटर उतरलं. मला वाटलं रेघ चुकली, म्हणून परत केलं, परत ८. भांड्यात नुसतं बघितलं तर काही दिसत नाही. टॉर्च लावल्यावर मागच्या कडेने केसासारखी धार चालू होती, पाण्यावर बारीक थरथर. किती दिवस चालू असेल देव जाणे.

खरा फ्लश साडेआठ लिटरचा निघाला, बॉलकॉक खाली वाकवलेला होता. खालच्या टाकीवर चढायला बाबांनी मला जाऊ दिलं नाही.

जुना_साइटवाला

४० गुणिले १५ म्हणजे ६०० चौरस सेंटिमीटर. ८ ने गुणा: ४८०० घन सेंटिमीटर, म्हणजे तासाला ४.८ लिटर. दिवसाला सुमारे ११५, महिन्याला साडेतीन हजार लिटरच्या आसपास. हजार लिटरचं एक युनिट, म्हणजे साडेतीन युनिटं. प्रत्यक्षात थोडं जास्तच, कारण कॉक चालू असताना टाकी सतत भरलेली राहते आणि दाब कमी होत नाही.

वरच्या कमोडला दिवसात किती वेळा फ्लश होतो?

हनुमाननगरकर

सगळ्यांना विचारलं, सगळ्यांनी वेगवेगळं सांगितलं. साधारण १५. त्यात पाच वेळा मोठं काम धरा.

जुना_साइटवाला

मग आज १५ गुणिले साडेआठ, म्हणजे साधारण १२८ लिटर रोज जातं. नवीन ६ आणि ३ वाली लावली तर पाच मोठ्या बटणाचे ३० आणि दहा छोट्याचे ३०, एकूण ६०. रोज ६८ लिटर वाचतील, महिन्याला जेमतेम दोन युनिटं. पोट्ट्याने आणि पाहुण्यांनी कायम मोठंच बटण दाबलं तर १५ गुणिले ६ म्हणजे ९०, आणि वाचतं एक युनिटाच्या थोडं वर.

म्हणजे तुमच्या घरात फाटका वॉशर अख्ख्या नवीन टाकीपेक्षा जास्त पाणी खातोय. तो आजच बदला, दिवाळीची वाट बघू नका. बिल अर्ध्यावर येईल हे प्लंबरचं बोलणं सोडून द्या. फ्लश हा घरातल्या पाण्याचा एक भाग, आंघोळ, कपडे, भांडी तशीच राहणार.

रुपयांचं म्हणाल तर दर टप्प्याटप्प्याने चढतो, त्यामुळे वाचलेली युनिटं आधी वरच्या महाग टप्प्यातून कमी होतात. तुमच्या बिलावर शेवटच्या टप्प्याचा दर बघा आणि त्याने गुणा. सरासरी दराने काढाल तर बचत कमी दिसेल.

स्वयंपाकघरातून

कन्सील्ड बिघडली की टाइल फोडावी लागते का? नणंदेकडे फोडली होती.

जुना_साइटवाला

नीट बसवली असेल तर नाही. बटणाची प्लेट काढली की तिथूनच हात घालून वॉशर आणि बॉलकॉक दोन्ही बाहेर येतात. टाइलवाल्याने ते तोंड सिमेंटने अरुंद केलं की मग छिन्नी-हातोडा. म्हणून टाइल लावायच्या आधी प्लंबरला आतले भाग एकदा काढून परत बसवून दाखवायला सांगा. आतला बंद करायचा कॉकही त्याच तोंडातून हाताला लागला पाहिजे. साडेचार इंची भिंत असेल तर ती पूर्ण खोदून टाकी बसवू नका, पुढे छोटा ओटा बांधून त्यात बसवा.

आणि कमोडचं भांडंही ६ लिटरला चालणारंच घ्या. जुन्या भांड्यावर नवी टाकी म्हणजे परत दोनदा दाबणं.

हनुमाननगरकर

आज वॉशर बदलला. जुना हातात घेतला तर एका बाजूला बोटाच्या नखाएवढा पांढरा खडा चिकटलेला, आणि रबर बिस्किटासारखं तुटलं. परत एक तास रेघ मारून बघितली, पाणी जागचं हललं नाही.

पण हिशेब अजून पुरता जुळत नाही. वाढ ७ युनिटांची, वॉशरने साडेतीनच सांगितली. बाकीची कुठे गेली?

जुना_साइटवाला

जमिनीतल्या टाक्याचा बॉलकॉक बघा. पहाटे टाकं भरल्यावर पाणी ओव्हरफ्लोमधून कुठे जातं, ते घरात किती जणांना माहीत असतं? शिवाय टाक्याला तडा असेल तर तेही. रात्री पंप बंद करून, येणाऱ्या पाण्याचा कॉक बंद करून तिथेही रेघ मारा.

संत्रानगरी

आणि कूलर माळ्यावर टाकायच्या आधी त्याची नळी बंद केली होती ना? आमची गच्चीत तशीच टपकत होती :)

हनुमाननगरकर

नळी आत्ताच बघून आलो, कोरडी आहे. टाक्याचं झाकण उचलायला उद्या दोन माणसं लागतील. बाबा मात्र म्हणतात, खालच्या साखळीच्या टाकीला कोणी हात लावायचा नाही, तीच एक प्रामाणिक आहे.