क्लूमधलं प्रश्नचिन्ह आणि अर्धवट शब्द

"इंग्रजी शब्दकोड्यात काही क्लूंच्या शेवटी प्रश्नचिन्ह का असतं? आणि मधेच शब्द तोडून का लिहितात?"

प्रश्नचिन्ह दिसलं की सरळ अर्थ सोडायचा. समजा क्लू आहे 'फ्लॉवर ऑफ पणजी?' आणि घरं सात. मी फोंडा-पणजी बसमध्ये असला क्लू बघितला असता तर आधी अबोली, मग शेवंती असंच शोधत बसलो असतो. पण फ्लॉवर म्हणजे इथे फूल नाहीच, 'फ्लो' करणारी, वाहणारी ती, म्हणजे मांडवी! इंग्रजीत बरोब्बर सात अक्षरं. लंडन घातलं तर थेम्स, ही तिकडची जुनीच युक्ती, आणि क्रिप्टिक, म्हणजे शब्दांच्या खेळाने मुद्दाम चकवणाऱ्या कोड्यात तर कधीकधी प्रश्नचिन्हसुद्धा देत नाहीत मेले.

तोडलेल्या शब्दाचं वेगळं. साध्या, अमेरिकन पद्धतीच्या कोड्यात माउंटन पूर्ण न लिहिता नुसतं 'एमटीएन.' असेल तर उत्तरही आखूड. डोंगराचा आकडा, म्हणजे उंची विचारलीय आणि घरं तीन, तर अल्टिट्यूडचं 'एएलटी', चार असतील तर एलेव्हेशनचं 'ईएलईव्ही'. म्हणून पेनाने लिहायच्या आधी घरं मोजा आणि एकतरी आडवं-उभं अक्षर जुळवून बघा, माझं याच ठिकाणी दोनदा खोडून खोडून कागद फाटलाय. कधी टिंबाऐवजी 'फॉर शॉर्ट' किंवा 'ब्रीफली' असतं, काम तेच.

पण उलटं गृहीत धरू नका हां. नासा, टीव्ही असले रुळलेले शब्द कसलीही खूण न देता येतात. आणि क्लूमध्ये 'मिस्टर'चं 'एमआर.' दिसलं म्हणून उत्तर आखूडच असेल असं नाही, ते तर सगळेच तसं लिहितात.