मदत हवी आहे: रुग्णालयाच्या औषध विभागप्रमुखांना अर्ज लिहायचा आहे

नेहा_इंदूर: नमस्कार. इंदूरमधल्या एका खाजगी रुग्णालयाच्या औषध विभागप्रमुखांनी परवाना, औषध वितरणाचा अनुभव आणि फिरत्या पाळ्यांची तयारी या तीन गोष्टी लिहून पत्र पाठवायला सांगितले आहे. परवा द्यायचे आहे. मी असे लिहिले आहे: ‘मी परवानाधारक फार्मासिस्ट असून मला सहा वर्षांचा उत्तम अनुभव आहे. मी कोणत्याही पाळीत काम करण्यास तयार आहे.’ एवढे पुरे होईल का? कृपया लवकर सांगावे.

विनायकराव: परवान्याचा क्रमांक लिहिलेला नाही. फॉर्म २० आणि २१ चे क्रमांक व त्यांची मुदत घाला, म्हणजे समोरच्याची खात्री पटते.

सुलभा_जोशी: विनायकराव, ते दोन्ही परवाने दुकानाचे असतात, फार्मासिस्टचे नसतात. नेहाताईंनी आपला नोंदणी क्रमांक लिहायचा आहे, आणि ‘परवानाधारक’ऐवजी ‘नोंदणीकृत’ म्हणायचे आहे. मी बावीस वर्षे रुग्णालयाच्या औषध विभागात आहे. अर्ज हाती आला की मी आधी नोंदणी कोणत्या राज्याच्या फार्मसी कौन्सिलकडे आहे आणि नूतनीकरण कधीपर्यंतचे आहे ते पाहते. ताई, तुमची नोंदणी कुठली?

नेहा_इंदूर: महाराष्ट्राची. पदविका आणि नोकरी दोन्ही जळगावला झाले, लग्नानंतर गेल्या वर्षी इथे आले. नूतनीकरण चालू आहे.

सुलभा_जोशी: हे पहिल्याच संदेशात सांगायला हवे होते. महाराष्ट्र कौन्सिलकडून ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन मध्य प्रदेश कौन्सिलकडे नाव नोंदवावे लागेल. अर्ज केला असेल तर पत्रात तसे स्पष्ट लिहा, केला नसेल तर आजच करा. आणखी एक विचारते: जळगावच्या दुकानाच्या परवान्यावर तुमचे नाव अजून आहे का?

नेहा_इंदूर: मालकांना महिनाभर आधी राजीनामा दिला होता. प्रशासनाला मी स्वतः काही कळवलेले नाही.

सुलभा_जोशी: मग अन्न व औषध प्रशासनाला राजीनाम्याच्या प्रतीसह लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा. कागदोपत्री तुम्ही अजून जळगावच्या दुकानात उभ्या असाल, तर तिथे तुमच्या नावावर होणाऱ्या विक्रीचा जाब तुम्हाला विचारला जाऊ शकतो, आणि नवीन रुग्णालय तुमचे नाव आपल्या परवान्यावर घ्यायला गेले की हाच प्रश्न निघेल.

पाटणकर_ग्वाल्हेर: स्वतःचे मेडिकल काढायचे असेल तर जागा किमान १० चौरस मीटर लागते आणि फ्रिज असावाच लागतो. माझ्या मुलाने गेल्या वर्षी काढले, तपशील हवे असतील तर देतो.

नेहा_इंदूर: काका, आभारी आहे, पण मला दुकान काढायचे नाही, नोकरीसाठी अर्ज करायचा आहे. अनुभवाचे वाक्य कसे लिहू?

सुलभा_जोशी: ‘उत्तम’ हा शब्द काढा आणि प्रत्यक्ष काय करत होतात ते लिहा. दिवसाला किती चिठ्ठ्या होत्या? एच-१ यादीतल्या औषधांच्या विक्रीची नोंदवही कोण लिहीत असे?

नेहा_इंदूर: सुमारे शंभर चिठ्ठ्या. एच-१ ची नोंदवही मीच लिहीत असे. इन्सुलिनच्या फ्रिजचे तापमान दोन वेळा टिपत असे आणि मुदत संपत आलेला माल दर महिन्याला वेगळा काढत असे. वॉर्डच्या मागणीपत्रावर औषध देण्याचे काम मात्र कधी केलेले नाही.

सुलभा_जोशी: हेच लिहा. एच-१ ची नोंद तीन वर्षे जपावी लागते, त्यामुळे ती नियमित ठेवणारी व्यक्ती आम्हाला हवीच असते. वॉर्डचे काम केलेले नाही हेही लिहा, कारण मुलाखतीत मी पहिला प्रश्न तोच विचारते: वॉर्डमधून परत आलेली न वापरलेली अँप्यूल साठ्यात घेण्यापूर्वी काय पाहाल?

विनायकराव: कमतरता स्वतःहून लिहू नये असे माझे मत आहे. भाच्याने लिहिली आणि त्याला मुलाखतीला बोलावलेच नाही.

नेहा_इंदूर: पाळ्यांबद्दलही विचारायचे आहे. मुलगा चार वर्षांचा आहे. सासूबाई सोबत असल्याने रात्रपाळी चालेल, पण सलग तीनपेक्षा जास्त रात्री जमणार नाहीत. ते लिहू का?

विनायकराव: अट मुळीच लिहू नका. नेमणूक झाल्यावर बोलता येते.

सुलभा_जोशी: मी असहमत आहे. रात्री खिडकीवर बहुधा एकच फार्मासिस्ट असतो, अंमली औषधांच्या कपाटाची किल्ली त्याच्याकडे असते, आणि पाळी बदलताना दोघांनी मिळून तो साठा मोजून सही करायची असते. ऐन वेळी कोणी येत नाही म्हटले तर आधीच्या माणसाला सोळा तास थांबावे लागते. मात्र काही विभागप्रमुखांना अर्जात अट दिसली की आवडत नाही, हेही खरे आहे.

नेहा_इंदूर: ना-हरकत प्रमाणपत्राचा अर्ज आज केला आणि त्याची तारीख पत्रात घातली. पत्र आता असे आहे: ‘माझी नोंदणी महाराष्ट्र कौन्सिलकडे असून मध्य प्रदेशात नोंदणीसाठी ना-हरकत प्रमाणपत्राचा अर्ज केला आहे. किरकोळ औषध दुकानात सहा वर्षे दररोज सुमारे शंभर चिठ्ठ्यांवरील औषधे दिली आणि एच-१ ची नोंदवही सांभाळली. वॉर्डच्या मागणीपत्रांचे काम केलेले नाही. रात्रपाळीसह फिरत्या पाळ्यांत काम करण्याची माझी तयारी आहे.’ तीन रात्रींचे वाक्य अजून घातलेले नाही. उद्या सकाळी ठरवीन.