जिनिव्हा व्हीलवर 40 वरून 60 पाउच: व्हील ठेवावं की सर्व्हो बसवावा?

पाउचलाइन: सहा स्टेशनचं रोटरी पाउच मशीन आहे. मोटर एकसारख्या वेगाने फिरते, पुढे सहा खाचांचं जिनिव्हा व्हील, म्हणजे क्रँकवरची पिन दर फेरीला एका खाचेत शिरून टेबल एक स्टेशन पुढे सरकवते आणि उरलेल्या वेळात टेबल थांबलेलं असतं. आत्ता मिनिटाला 40 पाउच निघतात, 60 हवेत. ड्राइव्हवर वेग वाढवला की टेबल दणके देतं आणि सील उघडतात. सीलला 0.8 सेकंद दाब लागतो. व्हील काढून सर्व्हो बसवावा का?

सर्व्होसमर्थक: बसवाच. सहा खाचांच्या व्हीलमध्ये क्रँकच्या फेरीचा एक तृतीयांश वेळ टेबल हलतं, दोन तृतीयांश थांबतं. मोटर कितीही पळवली तरी हे प्रमाण बदलत नाही. 60 च्या वेगाला थांबा 0.67 सेकंदच उरतो, मग सील उघडणारच. सर्व्होने 0.2 सेकंदात टेबल हलवा आणि 0.8 सेकंद थांबवा. शिवाय जिनिव्हाचं त्वरण सर्व्होच्या गुळगुळीत प्रोफाइलपेक्षा कितीतरी जास्त असतं.

यंत्ररचना: थांब्याचं गणित बरोबर आहे, त्वरणाचं नाही. चार खाचांना तुमचं म्हणणं लागू पडतं. सहा खाचांत मात्र तेवढ्याच वेळेत तेवढंच फिरवलं, तर जिनिव्हाचं कमाल त्वरण मॉडिफाइड साइन या गुळगुळीत सर्व्हो प्रोफाइलच्या जवळपास बरोबरीने येतं. जिनिव्हाचा खरा दोष सुरुवातीला आहे. पिन खाचेत शिरते त्या क्षणी त्वरण शून्यापासून हळूहळू न चढता एकदम उडी मारतं आणि पिन बाहेर पडताना तसंच एकदम तुटतं.

आता 0.2 सेकंदांचं बघा. टेबल आणि पाउच-होल्डर मिळून जडत्व 2.3 किलो-वर्गमीटर धरू. 40 च्या वेगाला कमाल त्वरण सुमारे 24 रेडियन प्रति वर्ग सेकंद, म्हणजे टॉर्क साधारण 54 न्यूटन-मीटर. वेग दीडपट केला की टॉर्क सव्वादोनपट, म्हणजे 122. आणि सर्व्होने 0.2 सेकंदांत हलवायचं तर तो 330 च्या पुढे जातो. एवढा झटका बसला की उघड्या पाउचमधला माल हिंदकळून सीलच्या जागेवर येईल. सील पुन्हा उघडतील, फक्त कारण वेगळं असेल.

बाटलीवाला: आमच्याकडे चार खाचांच्या व्हीलवर स्टेशन नेमकं जागेवर येत नव्हतं. लॉकिंग डिस्कमधली ढील 0.1 मिमी दिसायची, पण टेबलाच्या कडेला ती तिप्पट व्हायची. थांब्यात आत जाणारी लोकेटिंग पिन बसवली आणि प्रश्न मिटला. तुम्हीही तीच बसवा.

यंत्ररचना: ती पिन जागा पक्की करते, वेळ वाढवत नाही. इथे कमी पडतोय तो वेळ.

फिटरकाका: दणका कुठे बसतो ते आधी ऐका. मोटर बंद करून, लॉकआउट लावून, क्रँक हाताने सावकाश फिरवा. पिन खाचेच्या तोंडाशीच अडखळत असेल तर दोन केंद्रांमधलं अंतर किंवा पिनची त्रिज्या चुकली आहे. सहा खाचांना ती त्रिज्या अंतराच्या बरोबर निम्मी हवी, म्हणजे पिन खाचेच्या रेषेतच आत शिरते. हाताने सगळं मऊ लागतं आणि वेगात हालचालीच्या मधोमध ठोका ऐकू येतो, तर खाच झिजली आहे. पहिल्या अर्ध्यात पिन व्हीलला ढकलते, दुसऱ्या अर्ध्यात टेबल थांबवायचं असतं म्हणून व्हील पिनला ढकलतं. पिन खाचेच्या एका भिंतीवरून दुसरीवर आपटते, गिअरबॉक्सची ढीलही त्याच वेळी उघडी पडते. अशा ढिलीवर वेग वाढवला तर पिनचा रोलर आधी जाईल.

यंत्ररचना: पटलं. ते दुरुस्त झाल्यावर माझं मत असं: वेग वाढवण्याऐवजी कमी करा. प्रत्येक स्टेशनवर दोन-दोन पाउच घ्या आणि क्रँक 30 ने फिरवा. पाउच 60 च निघतील, थांबा 1.33 सेकंदांचा होईल. होल्डरचं वजन दुप्पट होऊन जडत्व 3.2 पर्यंत गेलं तरी टॉर्क 43 च्या आसपास राहतो, म्हणजे आजच्यापेक्षाही कमी. मोटर, व्हील, गिअरबॉक्स सगळं तेच चालेल.

सर्व्होसमर्थक: 0.2 सेकंदांचा मुद्दा मान्य. पण दोन पाउच म्हणजे दुप्पट लांबीचे सीलिंग जॉ, आणि तोच दाब ठेवायला दुप्पट जोराचा सिलिंडर. एक पाउच रिकामा राहिला तर त्याची जोडी वेगळी काढायची सोयही हवी. माझं म्हणणं, दोन पाउच घेऊनही सर्व्हो लावा. अवघड मालाला हालचाल लांबवता येईल, सीलला वेळ कमी लागला तर तोही फायदा घेता येईल. जिनिव्हात ते प्रमाण कायमचं गोठलेलं आहे.

यंत्ररचना: माल सारखा बदलत असेल तर तुमचा मुद्दा वजनदार आहे. एकच पाउच वर्षभर चालणार असेल तर मी व्हील काढणार नाही. थांब्यात लॉकिंग डिस्क टेबल यांत्रिकपणे धरून ठेवते, वीज गेली तरी.

पाउचलाइन: ठोका मधोमधच येतो. माल दोनच प्रकारचा आहे, पण फिलिंग हेड एकच आहे आणि एक पाउच भरायला त्याला 0.9 सेकंद लागतात.

यंत्ररचना: मग 1.33 सेकंदांत एका हेडने दोन भरत नाहीत. दुसरं हेड बसवायला त्या स्टेशनवर जागा आहे का, ते आधी मोजा. नसेल तर फिलिंग दोन स्टेशनांवर वाटावं लागेल, आणि सहांपैकी एक स्टेशन मोकळं असेल तरच ते जमेल.