घाईत थांबला नाही, म्हणून तो दयाळू नाही?

आडवळण
डार्ली आणि बॅटसन यांचा 1973 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग वाचला. प्रिन्स्टनमधले होऊ घातलेले पाद्री छोटं भाषण द्यायला एका इमारतीतून दुसरीकडे जातात. वाटेत एक माणूस दाराशी कोसळून खोकत, कण्हत असतो. काहींना निघतानाच सांगितलेलं असतं की उशीर झालाय. कोण थांबतं ते पाहायचं. असल्या प्रयोगांवरून जॉन डॉरिससारखे तत्त्वज्ञ म्हणतात की ॲरिस्टॉटलला अभिप्रेत असलेलं पक्कं शील, म्हणजे प्रसंग कुठलाही असो टिकून राहणारा चांगला स्वभाव, माणसांत जवळजवळ सापडतच नाही. एवढ्या पुराव्यावर हे म्हणता येतं का?

तर्कट
का नाही? घाई नसलेल्यांपैकी 63 टक्के थांबले, मध्यम घाईतले 45, आणि ज्यांना जोरात पिटाळलं होतं त्यांच्यातले फक्त 10. गंमत म्हणजे निम्म्यांना बोलायचं होतं ते बायबलमधल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावर, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्या परक्याच्या गोष्टीवर! घशात दाखला आणि डोळ्यांसमोर कण्हणारा माणूस, तरी घड्याळच जिंकलं. त्याआधीचा, 1972चा टेलिफोन बूथचा प्रयोगही घ्या. परत मिळणाऱ्या नाण्यांच्या खोबणीत एक फुटकळ नाणं सापडलेल्या 16 जणांपैकी 14 जणांनी बाहेर पडल्यावर एका बाईचे सांडलेले कागद उचलून दिले. नाणं न सापडलेल्या 25 जणांपैकी एकाने. स्वभाव-बिभाव काही नसतो, परिस्थितीच माणसाला चालवते.

सुहास
यात नवल ते काय? धर्माचं शिकणारे दांभिक असतात हे आम्ही कधीपासून सांगतोय.

मधुरा_क
सुहास, प्रश्न तो नाही. साधे, धर्माशी संबंध नसलेले लोक तिथून गेले असते तर किती थांबले असते, हे या प्रयोगात तपासलेलंच नाही. मग धर्म शिकणारे जास्त दांभिक हे कशाच्या तुलनेत ठरवणार? त्यांनी मोजलं होतं ते हे की कोण धर्माकडे कशासाठी वळलेला आहे. त्यावरून कोण थांबेल याचा अंदाज आला नाही. जे थांबले त्यांनी मदत कशी केली यात मात्र फरक दिसला: काही जण पडलेल्याने नको म्हटलं तरी हट्टाने मदत करत राहिले.

तर्कट, नाण्याचा प्रयोग यातून वगळाच. नंतर तो पुन्हा करून पाहणाऱ्यांपैकी काहींना तसा परिणाम मिळालाच नाही. पादऱ्यांचा प्रयोग जास्त भक्कम आहे, पण त्याचा घाट नीट बघा. सगळे मिळून 40 विद्यार्थी, आणि प्रत्येक जण त्या वाटेने एकदाच गेला. घाईत न थांबलेला विद्यार्थी निवांत असता तर थांबला असता की नाही, हे कुणीच पाहिलेलं नाही. आपण तुलना करतोय ती वेगवेगळ्या माणसांच्या गटांची. घाईने सरासरी घसरते हे यातून कळतं. पण एकच माणूस आज दयाळू आणि उद्या निष्ठुर असतो, हे सिद्ध करायला त्याच माणसाला अनेक प्रसंगांत पाहायला हवं. डॉरिसचा दावा नेमका या दुसऱ्या प्रकारचा आहे, आणि लोक पुरावा देतात पहिल्या प्रकारचा.

तर्कट
म्हणजे 63चे 10 झाले हे सोडून द्यायचं?

मधुरा_क
सोडून नाही द्यायचं, पण घाई म्हणजे काय तेही विचारायचं. या विद्यार्थ्यांनी कुणाला तरी येतो म्हणून शब्द दिला होता आणि तो माणूस खोळंबला होता. बॅटसनने सहकाऱ्यांबरोबर 1978 साली हेच तपासलं. आपण वेळेवर पोहोचण्यावर समोरच्याचं फारसं काही अवलंबून नाही असं ज्यांना वाटत होतं, ते घाईत असूनही बरेच थांबले. तेव्हा न थांबणाऱ्यांपैकी काही जण तरी दोन कर्तव्यांच्या कात्रीत सापडले असणार. कात्रीत चुकीची बाजू निवडणं म्हणजे दयाच नसणं नव्हे.

शुभांगी
मी परिचारिका आहे, तत्त्वज्ञानातलं कळत नाही. पण आमच्याकडे एक डॉक्टर होते. रुग्णाने एकच प्रश्न दहा वेळा विचारला तरी आवाज चढायचा नाही. तेच हाताखालच्या पोरांना क्षुल्लक गोष्टीवरून सगळ्यांसमोर फाडून खायचे. वर्षानुवर्षं हे असंच, दोन्हीकडे अगदी ठरल्यासारखं. आता त्यांना संयमी म्हणायचं की नाही?

मधुरा_क
शुभांगीताई, डॉरिसचं म्हणणं याहून नेमकं मांडता येणार नाही! त्याच्या मते असतात ते असे तुकडे: रुग्णांपुरता संयम, बोटीवर वादळात धैर्य. तर्कट म्हणतात तसं 'स्वभाव नसतोच' हे तो म्हणत नाही. तुकडे टिकाऊ असतात, पण त्यांच्यावरून बाकीच्या माणसाबद्दल काही सांगता येत नाही.

आणि याला खरा आधार आहे तो हार्टशॉर्न आणि मे यांच्या 1928च्या अभ्यासाचा. त्यांनी हजारो शाळकरी मुलांना वेगवेगळ्या ठिकाणी अप्रामाणिक होण्याची संधी दिली: उत्तरं जवळ ठेवून स्वतःचा पेपर तपासायला देणं, नाणी हाताळायला देणं, खोटं बोलायला वाव देणं. इथे तीच मुलं अनेक प्रसंगांत दिसतात, म्हणून मी या अभ्यासाला पादऱ्यांच्या प्रयोगाहून जास्त किंमत देते. उत्तरं बघून लिहिणारा पुढच्या वेळीही बघून लिहायचा. पण तो पैसे उचलेल का, हे त्यावरून फारसं सांगता येत नव्हतं. दोन वेगळ्या प्रसंगांतला सहसंबंध, जिथे 0 म्हणजे काहीच संबंध नाही आणि 1 म्हणजे पूर्ण जुळणी, साधारण 0.2च्या आसपास राहिला.

निरंजन
0.2 ऐकून लगेच शरणागती नको. एका प्रसंगावरून एका प्रसंगाचा अंदाज बांधणं म्हणजे एका चेंडूवरून फलंदाज जोखणं. असे नऊ प्रसंग घेऊन सरासरी काढा आणि तिची दुसऱ्या नऊ प्रसंगांच्या सरासरीशी तुलना करा. कुठल्याही दोन प्रसंगांतला सहसंबंध तोच 0.2 धरला, तर या दोन सरासरींतला सहसंबंध 0.69 होतो. म्हणजे कोण एकंदरीत प्रामाणिक हे चांगलंच ओळखता येतं. शिवाय ॲरिस्टॉटलने सगळे सद्गुणी असतात असं म्हटलंय कुठे? बहुतेक जण मोहाशी झगडणारे, कधी जिंकणारे, कधी हरणारे. 100तले 10 घाईतही थांबले, तेच कदाचित त्याचे सद्गुणी.

मधुरा_क
गणित बरोबर. पण ती सरासरी शंभर प्रसंगांचा गोळाबेरीज अंदाज देते, आणि सद्गुणाकडून अपेक्षा असते ती नेमक्या त्या एका अवघड क्षणी टिकण्याची. शूर माणूस सरासरीने शूर असून भागत नाही.

आणि ते 10 टक्के म्हणजे खूप घाईतल्या दहा जणांपैकी एक जण. तो एक दयेने थांबला, की त्याला भाषण द्यायचंच नव्हतं? एकदाच पाहिलेल्या माणसाबद्दल डॉरिसला जे म्हणता येत नाही, ते तुम्हालाही म्हणता येणार नाही.

निरंजन
हे मान्य. मग विरळ सद्गुणी माणसावर उभं असलेलं नीतिशास्त्र चुकीचं तरी कसं ठरवणार?

तर्कट
बघा! बहुतेक लोक चुकले की म्हणायचं सद्गुण विरळच असतो, आणि कुणी टिकला की म्हणायचं हा बघा सद्गुणी. कुठलाच निकाल तुमच्या विरोधात जाऊ शकत नाही. असा एक तरी प्रयोग सांगा, ज्याचा निकाल विरुद्ध लागला तर तुम्ही ॲरिस्टॉटलला सोडाल.

निरंजन
सद्गुणाची सवय लावून घेता येते, असं तो म्हणतो. तेव्हा काही माणसांना अनेक वर्षं जाणीवपूर्वक तसं घडवा, मग त्यांना न कळवता परस्परांशी संबंध नसलेल्या वीसेक प्रसंगांत पाहा. न घडवलेल्यांइतकीच तीही विखुरलेली वागली, तर सोडेन.

आडवळण
घडवणारे कोण, आणि ते घडले आहेत हे कुणी तपासायचं?

शुभांगी
आणि घडवायचं कुठे? वॉर्डात घडवलं तर ते वॉर्डापुरतंच राहणार ना?