मदत हवी आहे: ‘मंत्र’ बरोबर येतो, ‘राष्ट्र’ येतच नाही

आर्णीचा_फ्लेक्सवाला
भाऊ लोकहो, लवकर सांगा. दहा बाय चारचा फ्लेक्स काढला, ‘राष्ट्रीय सेवा योजना, विशेष शिबिर’. सरांनी पाहिला अन् परत धाडला, म्हणे पहिलाच शब्द चुकला. पाच वेळा टाईप केला, पाचही वेळा तसाच उमटला. ‘मंत्र’, ‘पत्र’, ‘श्री’ एकदम बरोबर येतात, फक्त हाच शब्द अडते. चार वाजता उद्घाटन आहे अन् लाईनचा भरोसा नाही. काहून होत असंन असं?

शाईपुसणी
चुकलाय म्हणजे कसा दिसतोय? मोबाइलवर टाईप करताय की कॉम्प्युटरवर? कुठला कळफलक?

कापूसकोंडा
फॉन्ट बदला. माझ्याकडे जुन्या फॉन्टात असंच व्हायचं. नवा टाकला, विषय संपला.

आर्णीचा_फ्लेक्सवाला
तीन फॉन्ट बदलून पाहिले भाऊ. कॉम्प्युटरच आहे, इनस्क्रिप्ट.

गुरुजी_दारव्हा
फॉन्टचा दोष नाही, उच्चाराचा आहे. आमच्याकडची पोरं ‘राष्टर’ म्हणतात, मग लिहिताना र कुठेही खुपसतात. साधा नियम लक्षात ठेवा: जोडाक्षरात तीन व्यंजनं आली की र शेवटी. राष्ट्र, शास्त्र, वस्त्र, स्त्री. पंचवीस वर्षं हेच शिकवतोय.

शाईपुसणी
गुरुजी, ‘सामर्थ्य’चं काय? तिथे र सगळ्यात आधी आहे. ‘स्वातंत्र्य’मध्ये तो त आणि य यांच्या मधे आहे. ‘आर्द्रा’ नक्षत्र तर आपल्या पेरणीच्या दिवसांतलं, त्यात र दोनदा येतो. पहिला द च्या आधी, म्हणून डोक्यावर रफार झाला. दुसरा द च्या नंतर, म्हणून पायाशी गेला. तोंडाने ज्या क्रमाने म्हणाल त्याच क्रमाने अक्षरं. र ला राखीव जागा नाही.

फ्लेक्सवाले भाऊ, माझा प्रश्न राहिलाच. र ची खूण कुठे दिसते? ट च्या डोक्यावर, की ष च्या पायाशी?

आर्णीचा_फ्लेक्सवाला
ष च्या पायाशी तिरपी रेघ आहे. ट एकदम कोरडा. त्याच्याखाली ते छपरासारखं चिन्ह पाहिजे ना, तेच नाही.

शाईपुसणी
मग सापडलं. तुम्ही ष आणि हलन्त दिल्यावर र् टाकताय आणि ट त्याच्यानंतर. कॉम्प्युटरला र हा ष ला चिकटलेला दिसतो, म्हणून रेघ ष च्या पायाशी. ष नंतरचा हलन्त द्यायचा राहून गेला असता तर रफार ट च्या डोक्यावर चढून ‘राषर्ट’ दिसलं असतं. म्हणजे चूक कुठली ते खुणेच्या जागेवरून कळतं. हवं ते असं:

```
बरोबर:  र ा ष ् ट ् र
चूक:    र ा ष ् र ् ट
```

आता सांगा, र साठी कुठली कळ दाबता?

आर्णीचा_फ्लेक्सवाला
शिफ्ट ४. भिंतीवर तक्ता लावलाय, त्यात र अन् पाय मोडलेला दिसला, तेच वापरतो.

शाईपुसणी
तिथेच घोळ. शिफ्ट ४ वर ‘र्’ आहे, म्हणजे आधी र आणि मग हलन्त. ‘सूर्य’, ‘कर्ज’ला तेच लागतं. शेजारच्या शिफ्ट ३ वर ‘्र’ आहे, आधी हलन्त आणि मग र. तुम्हाला ते हवं होतं, तेही ट दिल्यानंतर. आणि ‘पत्र’, ‘श्री’ बरोबर का येतात? कारण त्र ला शिफ्ट ६ आणि श्र ला शिफ्ट ८ अशा स्वतंत्र कळा आहेत. तिथे क्रम लावायची पाळीच तुमच्यावर येत नाही. ष्ट्र ला अशी कळ नाही, तिथे तीन अक्षरं आपणच ओळीने लावायची.

पऱ्हाटी
चांगला विषय निघाला म्हणून माझं गाऱ्हाणं मांडते. माझं नाव इथे बरोबर उमटतं, पण एका कार्यालयात पीक नोंदवायला गेले तर कागदावर ‘पर्हाटी’ छापून आलं. ‘वऱ्हाड’चं ‘वर्हाड’, ‘सातबाऱ्या’चं ‘सातबार्या’. बाबूला म्हटलं तर म्हणे, बाई, कॉम्प्युटरच असा आहे. आपल्या मुलखाचं नाव आपल्याच तालुक्यात लिहिता येऊ नये?

शाईपुसणी
ताई, इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट j दाबलं की ऱ येतो. मग हलन्त, मग ह. साधा र दिला तर रफारच चढणार. तिथल्या प्रोग्रॅमने ऱ अडवला असेल तर गोष्ट वेगळी.

गुरुजी_दारव्हा
मूळ मुद्द्यावर या. र शेवटी हे मी सगळ्या शब्दांना म्हटलं नव्हतं.

कापूसकोंडा
म्हटलं होतं गुरुजी, वर लिहिलेलं आहे.

गुरुजी_दारव्हा
बरं, सोडा. पण पोरं का चुकतात ते ऐका. वहीत ‘सूर्य’ लिहिताना आधी य काढतात आणि रफार मागून वर ठेवतात. ‘राष्ट्र’ लिहितानाही आधी ट आणि मग खालचं छप्पर. दोन्हीकडे र ची खूण हाताला शेवटीच सुचते, पण एका ठिकाणी र आधी बोलला जातो, दुसऱ्या ठिकाणी नंतर. वहीवर खपून जातं, टायपिंगमध्ये उघडं पडतं.

शाईपुसणी
हे मात्र पटलं. पंचवीस वर्षांचा अनुभव इथे दिसला.

कापूसकोंडा
मग ‘मंत्र’मध्ये तीन अक्षरं जोडलेली की दोन? फ्लेक्सवाल्याने तोच शब्द दिलाय.

शाईपुसणी
बोलताना न, त, र असे तीन. लिहिताना न चा अनुस्वार झाला, म्हणून जोडलेले त आणि र दोनच. ‘मन्त्र’ लिहिलंत तर तिन्ही दिसतील.

गुरुजी_दारव्हा
मी वर्गात तीनच सांगतो. टिंब दिलं म्हणून न जातो कुठे?

शाईपुसणी
ऐकू येतो, पण जोडाक्षर डोळ्यांनी पाहायची गोष्ट आहे. मुलाने ‘मन् + त् + र’ फोड केली तर गुण द्या, ‘मं + त् + र’ केली तरी कापू नका.

गुरुजी_दारव्हा
बघू.

आर्णीचा_फ्लेक्सवाला
आला! j, e, ष, d, ट, मग शिफ्ट ३. ट खाली छप्पर दिसलं. पण खरंच बरोबर आहे का हे कसं पाहू? आता डोळेच फिरले.

शाईपुसणी
कर्सर शब्दाच्या शेवटी ठेवा आणि बॅकस्पेस एकेकदा दाबा. आधी र गेला पाहिजे, मग हलन्त, मग ट. पहिल्याच फटक्याला ट गेला तर क्रम उलटा आहे. ‘राष्ट्रीय’ असेल तर अर्थात आधी य आणि मग वेलांटी जाईल.

आर्णीचा_फ्लेक्सवाला
य, वेलांटी, मग र. बरोबर. पूर्ण फ्लेक्स काढायला आता वेळ नाही, त्याच मापाची एका शब्दाची पट्टी छापून वरून चिकटवतो. दुरून कोणाला कळते?

पऱ्हाटी
ऊन लागलं की पट्टी सुटते हो. कडेला नीट दाबा.

गुरुजी_दारव्हा
पट्टी काढायच्या आधी खालची ओळ पाहा. ‘उद्घाटक’ लिहिलंय की ‘उद्धाटक’?

आर्णीचा_फ्लेक्सवाला
थांबा, पाहतो.

आर्णीचा_फ्लेक्सवाला
दोन पट्ट्या लागतील.